चौदावा परिच्छेद

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे कात्रीकाका म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची वेळ फक्त पगाराच्या दिवशी यायची. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. बातमीदार जे लिहून आणील ते तपासायचं, सरळ करायचं आणि पानात बसत नसेल तर कापायचं. कापायचं ते नेहमी खालून. हा त्या धंद्याचा जुना रिवाज. बातमी लिहिणाराही तो जाणून असतो. म्हणून तो मोठी गोष्ट वर ठेवतो, मधली मधे आणि उरलंसुरलं तळाशी. जागा कमी पडली की तळ जातो, डोकं शाबूत राहतं. कात्रीकाकांचा हात असा बसला होता की न वाचताही खालचे चार परिच्छेद उडवले तर बातमी लंगडायची नाही. कुणी कौतुक केलं की ते म्हणायचे, "अहो, नखं कापायला डॉक्टर लागतो का?"

मग वर्तमानपत्र बोलायला लागलं.

जिथे पूर्वी जुन्या अंकांचे गठ्ठे ठेवत, तिथे दाट स्पंज लावून एक काचेची खोली झाली, मधे एक माईक आला, आणि रोज दुपारी बारा वाजता एक बातमी पॉडकास्ट म्हणून लोकांच्या फोनवर जाऊ लागली. छापलेला लेख घ्यायचा आणि कानांसाठी पुन्हा लिहायचा, हे काम कात्रीकाकांकडे आलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. या विभागाची प्रमुख त्यांच्या मुलीच्या वयाची. आधी आकाशवाणीवर होती, आता इथे. लिहिलेलं वाचायचीही तीच. दिवसभर तिचं तोंड बंद नसे, म्हणून काकांनी तिचं नाव बोलकी ठेवलं. तिला ते कळलं, आणि तिने ते दारावरच्या पाटीवर चिकटवलं.

पहिल्या आठवड्यात काकांनी लिहिलेले कागद तिने परत पाठवले, तेव्हा समासात जागोजागी एकच शब्द होता: "श्वास?"

"म्हणजे काय गं?" काकांनी विचारलं.

"म्हणजे मी इथे मरेन, काका. चव्वेचाळीस शब्दांचं वाक्य आहे. क्रियापद येईपर्यंत माझा जीव जाईल आणि ऐकणाऱ्याचं लक्ष."

"छापलं तेव्हा कुणी मेलं नाही."

"छापलेल्यात डोळा मागे जाऊ शकतो. कान नाही जात." तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "एका वाक्यात एकच गोष्ट. कोण म्हणालं ते आधी, काय म्हणालं ते नंतर. कंस नकोत, कारण मला कंस वाचता येत नाहीत. अवतरणचिन्हं दिसत नाहीत, तेव्हा बोलणाऱ्याचं नाव परत घ्यायचं. 'तो', 'ते', 'वरील' असलं काही नको. आणि वळण आलं की सांगायचं, आता वळतोय. रस्त्यावर पाट्या असतात ना, तशा."

काका मनात म्हणाले, हिला आता बोटं कमी पडणार.

शिकायची खरी शाळा मात्र घरी भरली. एका संध्याकाळी त्यांनी सहज बायकोला लिहिलेलं वाचून दाखवलं. ती त्यांच्याकडे पाठ करून भांडी पुसत होती. चौथ्या ओळीला तिने विचारलं, "कोण म्हणालं हे?" काकांनी सांगितलं. सातव्या ओळीला विचारलं, "अहो, हा कुठला साहेब? मघाचा की दुसरा?" दहाव्या ओळीला तिने काहीच विचारलं नाही. काकांना बरं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, ती ऐकायचीच थांबली होती. पुसणं तेवढं चालू होतं.

तेव्हापासून हा नेमच झाला. तिचा संध्याकाळचा जप आटोपला की काका कागद घेऊन स्वयंपाकघरात येत. तिच्या हातात काहीतरी काम असेच, आणि ते असायलाच हवं होतं, कारण पॉडकास्ट ऐकणाऱ्याच्याही हातात काम असतं. ती मधे काय विचारते ते काका पेन्सिलीने लिहून घेत. जिथे तिचे हात आपोआप थांबत, तिथे ते बारीक टिंब काढत. बोलकीला ही टिंबं माहीत होती. एकदा ती म्हणाली, "काकूंना पगार द्यायला हवा." काका म्हणाले, "तिला सांगू नकोस, उद्या राजीनामा देईल."

असं चाललं होतं. समासातला श्वास कमी होत गेला. मग त्या बुधवारी दुपारी फोन आला.

"ते बोलणारं वर्तमानपत्र तुमचंच का?" आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, थोडा कापरा, पण शब्द नीट टाकलेले.

"हो मावशी. बोला."

"उद्या बसचं सांगणार आहात म्हणे. उतारावरून सुटली ती बस." क्षणभर थांबून तिने सांगितलं, "चालवणारा माझा मुलगा होता."

काका खुर्चीत सरळ बसले. समितीच्या अहवालावरची ती बातमी सकाळीच पहिल्या पानावर आली होती आणि उद्याच्या पॉडकास्टसाठी तीच ठरली होती. दोन महिन्यांपूर्वी भर सकाळी एक बस उतारावरून खाली आली होती. खाली बाजार भरलेला. चालकाने बस डेपोच्या भिंतीवर घातली. अकरा प्रवासी जखमी झाले आणि चालक गेला.

"मला वाचता येत नाही," बाई म्हणाली. "शेजारची पोर वाचून दाखवत होती. दोन ओळी वाचल्या आणि थांबली. म्हणाली, आजी, पुढचं नंतर वाचते. मग ती आलीच नाही. मी समजले, काहीतरी वाईट असणार."

काकांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"तुम्ही फोनवर सांगता तेव्हा कुणाला दया येऊन थांबायचं कारण नाही. म्हणून विचारते. सगळं सांगाल ना, दादा? वाईट असेल तेही सांगा. त्याने चूक केली असेल तर केली. पण अर्ध्यावर थांबू नका."

"नाही थांबणार, मावशी," काका म्हणाले.

असा शब्द देणं सोपं असतं. फोन ठेवून त्यांनी बातमी पुढ्यात ओढली. लांबलचक होती, चौदाशे शब्दांच्या वर. पहिलंच वाक्य असं: "शहराच्या उत्तर भागातील तीव्र उतारावर दोन महिन्यांपूर्वी झालेल्या, अकरा प्रवासी जखमी आणि चालकाचा मृत्यू झालेल्या बस अपघातास चालकाने राखलेला ताशी ५३ किलोमीटर हा निर्धारित मर्यादेपेक्षा अधिक वेग प्रामुख्याने कारणीभूत असल्याचा निष्कर्ष चौकशी समितीने काढला असून, तपासणीतील विलंबाबाबतही समितीने नाराजी व्यक्त केली आहे." शेजारची पोर कुठे थांबली असेल ते काकांना दिसलं. 'वेग' या शब्दाशी. तिच्या जागी ते असते तर तेही थांबले असते.

बोलकीला सहा मिनिटं हवी होती. तिच्या वाचण्याच्या चालीने ते सातशे शब्द झाले. अर्धी बातमी जायला हवी. काकांच्या हाताने आपलं काम केलं. सातव्या परिच्छेदाखाली रेघ मारली, खालचं सगळं गेलं आणि उरलेलं ते मन लावून सोडवायला बसले. मोठं वाक्य फोडून चार केली. त्रेपन्न किलोमीटरचे "पन्नासच्या थोडं वर" केले आणि लगेच पुढे "तिथे मर्यादा तीसची आहे" असं जोडलं. समितीचं नाव प्रत्येक वेळी वाक्याच्या तोंडाशी आणलं. त्या बाईची आठवण ठेवून त्यांनी एकेक शब्द हळुवार केला. काम झालं तेव्हा त्यांना वाटलं, आजवरचं हे सगळ्यात चांगलं लिहिलंय.

संध्याकाळी बायको मटार सोलत होती. टेबलावर आजचाच अंक पसरलेला आणि त्यावर टरफलांचा ढीग. काकांनी आधी तिला फोनचं सांगितलं. तिचे हात जरा वेळ थांबले. मग म्हणाली, "वाचा."

काका वाचू लागले. ती ऐकत होती. कोण म्हणालं, हे तिने एकदाही विचारलं नाही. कुठला साहेब, असंही नाही. दाणे भांड्यात पडत होते, टप, टप. उताराचं वर्णन आलं, भिंत आली, समिती आली, वेग आला. समितीने म्हटलं की ब्रेकही निकामी होता आणि तपासणी उशिरा झाली. शेवटचं वाक्य वाचून काकांनी कागद खाली ठेवला आणि शाबासकीची वाट पाहिली.

"अहो," ती म्हणाली, "मग ब्रेकचं त्या पोराला माहीत नव्हतं का?"

"काय?"

"ब्रेक खराब होता म्हणता. रोज तीच बस चालवायचा ना तो? ज्याच्या पायाखाली ब्रेक, त्याला आधी कळणार. मला नाही का कुकरची शिट्टी बिघडली की आधी कळत? मग तो कुणाला बोलला नाही? की बोलला आणि कुणी ऐकलं नाही?" तिने एक शेंग फोडली. "त्याची आई तेच विचारणार बघा. पहिलं तेच."

काका उठले. बातमीत काही होतं का याबद्दल? त्यांना आठवेना. आठवणार कसं? खालचे परिच्छेद त्यांनी वाचलेच नव्हते. तीस वर्षांची सवय, हात चालला होता, डोळे नाही. त्यांनी टेबलावरची टरफलं दोन्ही हातांनी बाजूला लोटली.

"अहो, काय करताय? आत्ता नीट लावलं होतं..."

पाचव्या पानावर उरलेली बातमी होती. ओलसर, हिरवा डाग पडलेली. बारावा परिच्छेद जखमींना मदत. तेरावा, समितीचे सदस्य कोण. चौदावा, अगदी शेवटचा, दोन वाक्यांचा: डेपोतील दुरुस्ती-नोंदवहीत सदर चालकाने ७, १२ व १९ तारखेस ब्रेकबाबत तक्रार नोंदविल्याचे आढळून आले आहे. तिन्ही नोंदींसमोर "चालवून पाहिले, ठीक" असा शेरा आहे.

अपघात एकवीस तारखेचा होता.

काकांनी ते मोठ्याने वाचलं. बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तीनदा?" ती म्हणाली.

"तीनदा."

"आणि हे तुम्ही कापलं?"

काका पानावरचा हिरवा डाग बोटाने पुसत राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचा टोमणा गिळला. पस्तीस वर्षांच्या संसारात कधी बोलायचं आणि कधी पाणी पुढे करायचं हे तिला कळत होतं. तिने पाण्याचा पेला सरकवला.

"आजवर असे किती चौदावे गेले असतील गं माझ्या हातून?" काका म्हणाले.

"ते देवाला विचारा. हिशेब त्याच्याकडे आहे." तिने मटाराचं भांडं बाजूला ठेवलं आणि समोर बसली. "हा मात्र अजून तुमच्या हातात आहे. पण एक सांगू का? आता त्या पोराला वाचवायला जाऊ नका. त्याचा वेग काढून टाकाल तर तेही अर्ध्यावर थांबणंच झालं. तिने सांगितलंय, वाईट तेही सांगा."

काकांच्या मनात नेमकं तेच आलं होतं, वेगाचं वाक्य जरा मागे ढकलावं, जरा दबक्या आवाजात. ते ओशाळले. "तुला कसं कळलं?"

"तोंड बघा आरशात."

सकाळी साडेसातला काका कचेरीत पोहोचले. आधी त्यांनी बातमीदाराला फोन लावला. तो अर्धवट झोपेत होता. "काका, ते शेवटचं? ते तर मी असंच टाकलं होतं, जागा असेल तर म्हणून. छपाईला जायच्या तासभर आधी मिळालं. वहीचा फोटो आहे माझ्याकडे."

"पाठव. आणि मी ते वर घेतोय. लिहून झालं की तू एकदा वाच. क्रम बदलला तरी अर्थ बदलता कामा नये."

फोटो आला. काकांनी तो पडद्यावर मोठा केला. रेघांचा कागद, निळी शाई. तीन ठिकाणी एकाच हाताचं अक्षर.

मग ते लिहायला बसले. छापील बातमीला पाठ दाखवून, नव्याने. बोलकी नऊला आली तेव्हा त्यांच्या टेबलावर खोडलेल्या कागदांची रास होती आणि हातात एकच स्वच्छ प्रत. ती उभ्याउभ्याच वाचू लागली.

"ही एका बसची गोष्ट आहे. तिचे तीन भाग आहेत. आधी, त्या सकाळी काय झालं. मग, चौकशी समितीने काय शोधलं. आणि शेवटी, डेपोतल्या एका वहीत काय लिहिलं होतं."

ती थांबली. "पाट्या," ती म्हणाली. पुढे वाचत गेली. मधे एके ठिकाणी होतं: "आता आपण दुसऱ्या भागाकडे आलो. समितीने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, वेग. समिती म्हणते, उतार सुरू व्हायच्या आधीच बस पन्नासच्या थोडं वर होती. तिथे मर्यादा तीसची आहे. समितीच्या मते अपघाताचं मुख्य कारण हेच. दुसरी गोष्ट, ब्रेक. समिती म्हणते, ब्रेक निकामी झाला होता. त्याची तपासणी वेळेवर झाली नव्हती."

आणि पुढे: "आता ती वही. डेपोत बसच्या दुरुस्तीची एक वही असते. बसमध्ये काही बिघडलं, तर चालक तिच्यात लिहितो. या चालकाने लिहिलं होतं. ब्रेक उशिरा लागतो. पहिल्यांदा, अपघाताच्या चौदा दिवस आधी. दुसऱ्यांदा, नऊ दिवस आधी. तिसऱ्यांदा, दोन दिवस आधी. तिन्ही वेळा समोर एकच शेरा आहे. चालवून पाहिले, ठीक."

बोलकीने कागद खाली घेतला. नेहमीसारखी बोटं मोजली नाहीत. "तारखा का काढल्या?"

"सात, बारा, एकोणीस ऐकलं तर काय कळतं? एकवीसमधून वजाबाकी कोण करत बसणार, हातात झाडू असताना? अंतर ऐकू यायला हवं."

"सदस्यांची नावं?"

"गेली. जखमींच्या मदतीचं एका वाक्यात आणलं. एकूण सातशे दहा शब्द." मग जरा घुटमळून त्यांनी सांगितलं, "काल मी वेगळंच लिहिलं होतं. ही वही मी कापली होती."

"का?"

"खाली होती म्हणून."

बोलकी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. इतका वेळ ती गप्प राहिलेली कुणी पाहिली नव्हती. मग म्हणाली, "कानाला खालवर काही नसतं, काका. शेवटचं असतं, ते सगळ्यात जास्त राहतं." आणि कागद घेऊन काचेच्या खोलीत गेली.

काका बाहेर कानाला हेडफोन लावून बसले. बातमीदाराचा होकार तोवर आला होता. बोलकी पहिल्यांदा वाचताना वहीच्या भागात जरा गहिवरली. काकांनी काचेवर टकटक केलं आणि मान हलवली. नको. साधं वाच. ती पाणी प्यायली आणि तिने तो भाग पुन्हा वाचला, वाणसामानाची यादी वाचावी तसा. 'ठीक' या शब्दानंतर काकांनी कागदावर दोन तिरक्या रेघा मारल्या होत्या, म्हणजे मोठा विराम. बोलकी तिथे थांबली, आणि हेडफोनमध्ये फक्त खोलीची शांतता ऐकू आली.

बारा वाजता पॉडकास्ट गेला. एक वाजून गेला, काकांनी डबा उघडला नाही. दोनदा फोन वाजला. एकदा कागदवाला, एकदा बायको. "आला का?" तिने विचारलं. "नाही." "जेवून घ्या मग. तिला परत लावायला वेळ लागत असेल. आपणही दोनदा ऐकलं असतं."

पावणेतीनला फोन आला.

"दादा, मी," म्हातारी म्हणाली. "ऐकलं. पोरीने दोनदा लावून दिलं. मग ती माझ्याजवळ बसून राहिली."

"हो मावशी."

"वेग जास्त होता म्हणालात."

"हो." काकांनी तो शब्द हळू केला नाही, लपवलाही नाही.

"जिनासुद्धा धावतच उतरायचा. किती वेळा सांगितलं, अरे पडशील." पलीकडे श्वास ऐकू येत होता. "पण लिहिलं होतं ना त्याने. तीनदा."

"तीनदा, मावशी."

"मला वाटायचं, त्याला कळलं असेल आणि तो गप्प बसला असेल. घरी तर कधी बोलला नाही. दोन महिने तेच डोक्यात." ती थांबली. काकाही थांबले. विराम भरायचा नसतो, हे ते आता शिकले होते. मग तिने विचारलं, "ती वही तुम्ही बघितलीत का, दादा?"

"फोटो बघितला. माझ्यासमोरच आहे."

"अक्षर कसं आहे त्याचं? शाळेत असताना तो लिहीत बसायचा आणि मी बघत बसायची. वाचता येत नसे, पण छान दिसायचं."

काकांनी पडद्याकडे पाहिलं. निळी शाई, रेघांचा कागद. एवढी वर्षं त्यांनी अक्षरं तपासली होती, चुका शोधायला. हे तपासायचं नव्हतं.

"सांगतो," ते म्हणाले. "आधी पहिल्या दिवशीचं सांगतो. अक्षर गोल आहे. रेघेवर नीट बसलेलं. ब्रेकचा 'ब' मोठा काढलाय." ते जरा थांबले. "आता दुसऱ्या दिवशीचं. तेही तसंच आहे. फक्त खाली एक रेघ ओढलीय, ठसठशीत."

"आणि तिसऱ्या दिवशीचं?"

"तिसऱ्या दिवशी," कात्रीकाका म्हणाले, "दोन रेघा आहेत, मावशी. आणि घाई कुठेच नाही. अगदी सावकाश लिहिलंय."

पलीकडे म्हातारी गप्प झाली. काका फोन धरून बसले होते. डबा तसाच होता, खोलीत बोलकी उद्याचं वाचायला लागली होती, आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.